मानेवरचा थेंब

फर्स्ट इयरला एम्ब्रिऑलॉजीच्या ट्युटोरियलमध्ये एक प्रश्न आला होता. अठरा वर्षांची मुलगी. उजव्या बाजूला मानेच्या खालच्या भागात, स्टर्नोक्लिडोमॅस्टॉइड स्नायूच्या पुढच्या कडेवर, जन्मापासून टाचणीच्या टोकाएवढं छिद्र. त्यातून अधूनमधून पारदर्शक, चिकट पाणी येतं. ही नळी आत कुठे उघडत असेल आणि वाटेत कोणत्या दोन रक्तवाहिन्यांच्या मधून जात असेल?

चार पर्याय होते. आजूबाजूला पेनांची कुरकुर सुरू झाली आणि माझा हात आपोआप ओढणीखाली मानेकडे गेला. कारण मी अठरा वर्षांची होते, छिद्र उजव्याच बाजूला होतं, आणि त्या सकाळी कॉलेजच्या बसमध्ये मी तिथलं पाणी रुमालाने दोनदा टिपलं होतं.

मी निफाड तालुक्यातली. घरी द्राक्षबाग. लहानपणी माझ्या मानेवरच्या या थेंबाला घरात 'गाठीचं पाणी' म्हणायचे. मी सात वर्षांची असताना तिथे सूज आली, लाल झालं, ताप आला. एका डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मग कुणीतरी गंडमाळ म्हणालं, आणि मला सहा महिने टीबीच्या गोळ्या दिल्या गेल्या. लघवी नारिंगी व्हायची म्हणून मी शाळेत संडासला जायचं टाळायचे. गोळ्या संपल्या, थेंब तसाच राहिला. आता मागे बघताना मला त्या डॉक्टरांचा फार राग येत नाही. आपल्याकडे मानेतून वाहणारी जखम दिसली की टीबी मनात येणारच, आणि बऱ्याचदा तो असतोही. पण टीबीची गाठ आधी गाठ असते, ती फुटते, मग वाहते. माझ्याकडे गाठ कधीच नव्हती. आधी छिद्र होतं, तेही जन्मापासून. पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं होतं आणि मी आवंढा गिळला की छिद्राची कातडी किंचित आत खेचली जायची. एवढं एक जरी कुणी विचारलं असतं तरी पुरे होतं. आईला ते माहीत होतं. तिला कुणी विचारलं नाही.

तर त्या ट्युटोरियलमध्ये मी उत्तर बरोबर दिलं का? नाही. मला फॅरिंजियल आर्चचा तक्ता तोंडपाठ होता. पहिली आर्च, पाचवी क्रेनियल नर्व्ह, मॅलियस, इन्कस. दुसरी आर्च, सातवी नर्व्ह, स्टेपीस, चेहऱ्याचे स्नायू. तिसरी, नववी. चौथी आणि सहावी, दहावीच्या फांद्या. पाचवी येते आणि जाते, तिला कुणी विचारत नाही. इंदरबीर सिंगचं पुस्तक आणि लँगमन दोन्ही समोर ठेवून मी तो तक्ता रंगीत पेनांनी काढून हॉस्टेलच्या भिंतीला चिकटवला होता. आणि तरी स्वतःच्या मानेवरचा प्रश्न मला सोडवता आला नाही, कारण तक्त्यात कशापासून काय झालं ते असतं. नळी कुठून कुठे जाते हे तक्त्यात नसतं.

मॅडमनी मला नंतर थांबवून घेतलं. हात मानेवर गेलेला त्यांनी पाहिला असावा. 'दाखव बघू,' म्हणाल्या, आणि पाहून झाल्यावर फळ्यापाशी गेल्या. त्यांनी जे काढलं ते मी आजही प्रत्येक ज्युनियरला काढून दाखवते, म्हणून इथेही सांगते.

गर्भ चार आठवड्यांचा झाला की त्याच्या मानेच्या जागी दोन्ही बाजूंना एकाखाली एक उंचवटे येतात. त्या आर्च. दोन उंचवट्यांच्या मध्ये बाहेरून खाच पडते ती क्लेफ्ट, आणि तिच्याच समोर आतून घशाच्या बाजूने खिसा तयार होतो तो पाउच. बाहेरच्या खाचेला अस्तर एक्टोडर्मचं, म्हणजे ज्या थरापासून त्वचा होते त्याचं. आतल्या खिशाला अस्तर एन्डोडर्मचं, म्हणजे अन्ननलिकेच्या अस्तराच्या भावकीतलं. आणि उंचवट्याच्या पोटात भरलेला माल असतो मेसोडर्म आणि न्यूरल क्रेस्टच्या पेशी. मेसोडर्मपासून स्नायू होतात. हाडं आणि कूर्चा बहुतेक न्यूरल क्रेस्टच्या, आणि या पेशी मूळच्या एक्टोडर्मच्या घरातून निघून तिथे राहायला आलेल्या. आमच्या बागेत हे समजावणं सोपं जातं. द्राक्षाच्या वेलीचा खुंट डॉगरिजचा असतो आणि वर कलम थॉमसनचं. फळ बघून मूळ ओळखायला गेलात तर चुकाल. चेहऱ्याचं हाड हात लावून 'मेसोडर्म' म्हणणारा विद्यार्थी तसाच चुकतो.

आता नळीची गोष्ट. पाचव्या-सहाव्या आठवड्यात दुसरी आर्च झपाट्याने खाली वाढते आणि पडदा सोडावा तशी दुसरी, तिसरी आणि चौथी खाच झाकून टाकते. पडद्यामागे एक पोकळी उरते, तिला सर्व्हायकल सायनस म्हणतात. सातवा आठवडा संपेपर्यंत ही पोकळी मिटायला हवी. म्हणूनच तुमची मान गुळगुळीत आहे. पहिली खाच तेवढी झाकली जात नाही, ती कानाची नळी होते. माझ्या बाबतीत पडदा खाली आला, पण मागची पोकळी पूर्ण मिटली नाही. बाहेरून आत जाणारा बोगदा राहून गेला.

'हा बोगदा आत कुठे उघडेल?' मॅडमनी विचारलं. दुसऱ्या खाचेच्या समोर दुसरा खिसा. दुसऱ्या खिशापासून टॉन्सिलची खोबण होते. म्हणजे बोगदा मानेतून वर चढत टॉन्सिलपाशी उघडणार. इथपर्यंत तक्ता पुरतो. 'आणि वाटेत?'

इथे त्यांनी एक नियम सांगितला. खाच ही दोन आर्चच्या मध्ये असते. म्हणून दुसऱ्या खाचेचा बोगदा दुसऱ्या आर्चच्या वस्तूंच्या खालून आणि तिसऱ्या आर्चच्या वस्तूंच्या वरून जाणार. त्याला दुसरी वाटच नाही. दुसऱ्या आर्चच्या वस्तू कोणत्या? डायगॅस्ट्रिक स्नायूचा मागचा भाग, स्टायलोहायॉइड. बोगदा त्यांच्या खालून जातो. तिसऱ्याच्या कोणत्या? इंटर्नल कॅरोटिड धमनी आणि नववी नर्व्ह. बोगदा त्यांच्या वरून जातो. एक्स्टर्नल कॅरोटिड वर, इंटर्नल कॅरोटिड खाली, आणि मधल्या बेचक्यातून माझं अंड्याच्या पांढऱ्यासारखं पाणी. प्रश्नाचं उत्तर तेच होतं. (एक प्रामाणिक तळटीप: एक्स्टर्नल कॅरोटिड प्रत्यक्षात तिसऱ्या आर्चच्या धमनीतून फुटणारी फांदी मानतात, दुसऱ्याची नाही. पण मानेच्या नकाशात ती दुसऱ्याच्या वस्तूंसोबत राहते, म्हणून नियम चालून जातो. सगळे पाठांतराचे नियम असेच थोडे खोटे असतात.)

मी घरी जाताना एसटीत बसून हा मार्ग बोटाने स्वतःच्या मानेवर काढत होते. शेजारच्या मावशींना वाटलं माझा घसा दुखतोय. त्यांनी पर्समधून लवंग काढून दिली.

नियम कळल्यावर प्रश्न सोडवायची पद्धतच बदलली. प्रश्नात बाहेर उघडणारं छिद्र असेल तर कुठली खाच ते शोधायचं. आतल्या बाजूचा दोष असेल, म्हणजे थायमस नाही, पॅराथायरॉइड नाही, तर कुठला खिसा ते शोधायचं. हाड, स्नायू, नर्व्ह अशी मंडळी एकत्र बिघडली असतील तर आर्चच. लहान जबडा, गालाची हाडं बसलेली, कान वेडेवाकडे, असं एकत्र आलं की पहिल्या आर्चकडे बघायचं. नर्व्ह हा सगळ्यात विश्वासू साक्षीदार असतो, कारण स्नायू कितीही दूर गेला तरी आपल्या आर्चची नर्व्ह सोबत ओढत नेतो. चेहऱ्यावर हसणारे स्नायू कपाळापर्यंत पसरले, तरी सातवी नर्व्ह त्यांच्या मागे गेलीच. हे कळल्यावर भिंतीवरचा तक्ता मी काढून टाकला नाही, पण त्याच्याकडे बघणं कमी झालं.

परीक्षा झाल्यावर सुट्टीत माझं ऑपरेशन झालं. छिद्राभोवती आडवी, डोळ्याच्या आकाराची छोटी चीर, निळा रंग नळीत सोडलेला, आणि नळी वर चढत गेल्यावर हनुवटीच्या खाली दुसरी आडवी चीर, शिडीच्या पायरीसारखी. एकाच लांब चिरेपेक्षा दोन छोट्या बऱ्या, कारण आडव्या वळीत व्रण लपतो. सर्जन मॅडमनी आधीच सांगितलं होतं की लहानपणी दिलेल्या चिरेमुळे खालच्या भागात सगळं चिकटलेलं असेल. सुजलेली असताना ही नळी कापायची नसते. आधी अँटिबायोटिकने थंड करायची, पू साठलाच तर सुईने काढायचा, आणि नळी पूर्ण शांत झाल्यावरच संपूर्ण काढायची. तुकडा राहिला की ती परत वाहते. वर हायपोग्लॉसल नर्व्ह जवळून जाते, ती दुखावली तर जीभ एका बाजूला वळते. शुद्धीवर आल्यावर मी सगळ्यात आधी जीभ बाहेर काढून बघितली. सरळ होती. नर्स हसल्या.

नळी पॅथॉलॉजीला गेली. रिपोर्टमध्ये दोन ओळी होत्या, आणि त्या ओळी वाचताना मला जी गंमत वाटली ती दुसऱ्या कुणाला सांगता येत नव्हती. नळीच्या खालच्या भागात त्वचेसारखं चपट्या पेशींचं अस्तर. वरच्या भागात केसाळ, उंच पेशींचं, श्वासनलिकेत असतं तसं. त्याच पेशींमुळे ते चिकट पाणी. एक्टोडर्म आणि एन्डोडर्म एकमेकांना भेटतात ती जागा काचेच्या पट्टीवर, आणि पट्टी माझ्या गळ्यातली.

इथे निबंध संपवता आला असता. पण डिस्चार्जच्या दिवशी सर्जन मॅडमनी फाइल बंद करता करता माझे कान पाहिले. डाव्या कानाच्या पुढे, वरच्या बाजूला, एक बारीक खड्डा आहे. कानातलं घालायला टोचलं असेल असं मला नेहमी वाटायचं, पण तिथे कोण टोचतं? 'घरात आणखी कुणाला आहे?' त्यांनी विचारलं. आईला आहे. दोन्ही कानांना. ताईलाही आहे, एका बाजूला. 'आणि ऐकायला?' आईला कमी ऐकू येतं. पंचेचाळिशीतच. घरात आम्ही म्हणायचो, पंपाच्या आणि फवारणीच्या आवाजाने गेलं.

कानापुढचा खड्डा तसा खूप लोकांना असतो आणि बहुतेकांच्या बाबतीत त्याचा काहीच अर्थ नसतो. बाहेरचा कान पहिल्या आणि दुसऱ्या आर्चवरच्या सहा टेकड्या जुळून होतो, तीन याच्या, तीन त्याच्या. जुळताना एखादी फट राहिली की खड्डा. पण खड्डा, मानेची नळी आणि कमी ऐकू येणं हे एकाच घरात आलं, तर आणखी एक गोष्ट तपासायची असते. मॅडमनी चिठ्ठीवर लिहिलं: आई आणि मुली, किडनीची सोनोग्राफी.

किडनी? मी मनात तक्ता चाळला. किडनी कुठल्याच आर्चमध्ये नाही. ती इंटरमीडिएट मेसोडर्मपासून होते, पार खाली, ओटीपोटात. मान आणि किडनी यांचा संबंध तक्त्यात नाही, माझ्या नव्या नियमात नाही, मॅडमच्या फळ्यावर नाही.

याचं नाव ब्रँकिओ-ओटो-रीनल सिंड्रोम. मान, कान, किडनी. 1997 साली यामागचं एक जीन सापडलं. त्याचं नाव ईवायए1, आणि ते नाव एका फळमाशीवरून आलेलं आहे: माशीतलं तेच जीन बिघडलं की तिला डोळेच येत नाहीत. माणसात हे जीन मानेच्या आर्चमध्ये काम करतं, कान तयार होणाऱ्या जागी काम करतं आणि किडनीच्या मेसोडर्ममध्येही काम करतं. एकच गवंडी तीन साइटवर. तो आजारी पडला तर तिन्ही साइटवर काम बिघडतं, आणि त्या साइट एकमेकींना ओळखतही नाहीत. कानाचंच बघा. मॅलियस, इन्कस, स्टेपीस ही हाडं आर्चमधल्या न्यूरल क्रेस्टची. मधल्या कानाची पोकळी पहिल्या खिशाच्या एन्डोडर्मची. आतला कान त्वचेच्या एक्टोडर्ममधून आत बुडालेल्या एका चकतीपासून. म्हणून या आजारात बहिरेपण बाहेरून आवाज न पोहोचण्याचं असू शकतं, आतल्या नसेचं असू शकतं किंवा दोन्ही मिसळलेलं. 'कोणता जर्म लेयर?' या प्रश्नाला इथे उत्तर नाही. परीक्षेत असा प्रश्न आला तर विद्यार्थी म्हणतात पेपर चुकीचा सेट केलाय.

न्यूरल क्रेस्टचंही असंच. डायजॉर्ज सिंड्रोमच्या प्रश्नात बाळाला झटके येतात कारण कॅल्शियम कमी, कॅल्शियम कमी कारण पॅराथायरॉइड नाही, म्हणून आपण तिसरा आणि चौथा खिसा लिहून मोकळे होतो. मग त्याच बाळाच्या हृदयातून एकच मोठी धमनी का निघते? कारण हृदयाची ती भिंत बांधायला न्यूरल क्रेस्टच्या पेशीच मानेतून खाली उतरतात. खिसा हा पत्ता आहे. बिघडलेलं असतं तिथे येणारं कुणीतरी.

आईला सोनोग्राफीला न्यायला मला तीन महिने लागले. छाटणी, मग फवारणी, मग पाऊस. 'मला कुठे काय होतंय' हे तर होतंच. शेवटी नाशिकला लग्नाच्या साड्या घ्यायच्या निमित्ताने आणलं आणि मेन रोडवरून रिक्षाने परस्पर सोनोग्राफीला नेलं. डॉक्टर उजव्या बाजूला बराच वेळ थांबले. आईची उजवी किडनी डावीपेक्षा बरीच लहान निघाली. क्रिएटिनिन नॉर्मल आहे, बीपी नॉर्मल आहे, दुसरी किडनी चांगली आहे. ऑडिओग्राममध्ये मिसळलेला दोष आला. म्हणजे पंप निर्दोष सुटला. जीनची टेस्ट आम्ही अजून केलेली नाही. ती केली तरी प्रत्येक कुटुंबात बिघाड सापडतोच असं नाही, आणि आईच्या बाबतीत खड्डे, कान आणि किडनी एवढं मिळाल्यावर डॉक्टरांना नाव द्यायला तिची गरजही पडली नाही. माझ्या आणि ताईच्या किडन्या ठीक आहेत.

आईला मी हे सगळं साडीच्या दुकानाबाहेर, उसाचा रस पीत, मोठ्या आवाजात समजावलं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, 'म्हणजे तुझ्या मानेचं माझ्यामुळे झालं.' मी म्हटलं, तसं नसतं गं आई. पण तसंच असतं. दोनपैकी एक शक्यता, प्रत्येक बाळंतपणाला नाणं उडवल्यासारखी. आणि नाणं पडलं तरी काय मिळेल ते ठरलेलं नसतं. तिला किडनी, मला मान, ताईला फक्त एक खड्डा. एकच बिघाड, तीन वेगवेगळ्या पावत्या. आजीला एका कानाने ऐकू यायचं नाही, हेही तेव्हाच निघालं. तिला सगळे हट्टी समजायचे.

ताईचं बाळ आता अकरा दिवसांचं आहे. जन्मल्याच्या दुसऱ्या तासाला मी व्हिडिओ कॉलवर दोन्ही बाजूंची मान बघितली, दिव्याच्या उजेडात, आवंढा गिळेपर्यंत थांबून. मान कोरी आहे. उजव्या कानापुढे खड्डा आहे. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये कानाची टेस्ट झाली. कानात बोंडासारखं काहीतरी घालतात आणि मशीन दोनच शब्द दाखवतं, पास किंवा रेफर. डावा पास. उजवा रेफर. पहिल्या दिवसांत कानात गर्भजलाचा अंश राहिला तरी रेफर येतो, म्हणून तो निकाल धरत नाहीत, पुन्हा करतात. पुन्हाची तारीख पुढच्या गुरुवारची आहे. सोनोग्राफीची चिठ्ठीही त्याच दिवशीची मागून घेतली आहे.

तोपर्यंत ताई दिवसातून चार वेळा बाळाच्या उजव्या बाजूला टाळी वाजवते आणि मला फोन करते. झोपलेलं बाळ दचकलं की नाही, यावरून काही ठरत नाही हे मी तिला सांगितलंय. काल तिने फोन आईकडे दिला. आई म्हणाली, 'मी वाजवते टाळी, तू सांग मला आवाज आला का.'